उक्तं, हजेरी आणि जादा ताटं

“एक आकडा सांगा,” अण्णा म्हणाले.

अण्णा पुण्यातल्या एका मंगल कार्यालयाचे मालक. दोन हॉल, वर आठ खोल्या, मागे भटारखाना, आणि टेबलावर बुकिंगची एक लाल कापडी बांधणीची वही. त्या वहीत तारखा पेन्सिलीनं लिहिल्या जात आणि ॲडव्हान्स आला की त्यावर शाई फिरे. एकदा वैशाखातली एक तारीख दोन मुलींच्या बापांना पेन्सिलीनं दिली गेली, दोघंही एकाच दुपारी शाई करायला आले, आणि त्या प्रसंगानंतर अण्णांनी वही संगणकात घालायचं ठरवलं. काम आमच्याकडे आलं. आमच्याकडे म्हणजे मी, माझा भागीदार आणि पाच पोरं. सदाशिव पेठेत पिठाच्या गिरणीच्या वर आमचं ऑफिस आहे. गहू संपून ज्वारी सुरू झाली की आम्हाला आवाजावरून कळतं.

“आकडा दोन पद्धतींनी सांगता येतो,” मी म्हणालो आणि घसा साफ केला. “एक म्हणजे फिक्स्ड प्राइस. सगळ्या कामाची मिळून एक रक्कम. दुसरी टाइम अँड मटेरियल. माणसं किती तास राबली तेवढे पैसे, वर सर्व्हर वगैरे जो खर्च होईल तो.”

“उक्तं की हजेरीवर,” अण्णा म्हणाले.

मी गप्प झालो. हे समजावण्यासाठी मी अकरा स्लाइड करून नेल्या होत्या.

“उक्तंच द्या,” अण्णा पुढे म्हणाले. “हजेरीवर माणूस लावला की तो तंबाखू मळतो.”

आमच्याकडे कुणी तंबाखू मळत नाही. चहाला मात्र जातात, आणि खरं सांगायचं तर दोन्हींना वेळ सारखाच लागतो.

ऑफिसात परत येऊन आम्ही अंदाज मांडला. अनुभवी माणसाचे २०० तास, ताशी १,२०० रुपयांनी. नव्या पोरांचे ३२० तास, ८०० रुपयांनी. तपासणीचे ८० तास, ६०० रुपयांनी. सहाशे तासांचे झाले ५ लाख ४४ हजार. त्यावर भागीदार म्हणाला, “आता भीती मिळव.” उक्त्या कामाच्या किमतीत कामाशेजारी भीतीही बसलेली असते. काम अंगावर घ्यायचं म्हणजे आपला अंदाज चुकला तर तो आपल्याच अंगावर येणार, म्हणून वीस टक्के चढवायचे. या वीस टक्क्यांना कागदावर फार भारदस्त नाव देतात, पण आहे ती भीतीच. तिच्यासकट आकडा गेला साडेसहा लाखांवर.

अण्णांनी कोटेशन पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “राउंड फिगर करा.”

साडेसहा ही मला पुरेशी राउंड वाटत होती, पण सहा अधिक गोल निघाली. आमची लाखाची भीती ५६ हजारांवर आली. भीती काही कमी झालेली नव्हती, फक्त तिचे पैसे कमी झाले होते.

कामाची व्याप्ती चौदा पानांत लिहून मी अण्णांकडे नेली. त्यांनी विचारलं, “सही कुठं करू?” आणि केली. मला वाटलं, वा, किती विश्वासाचा माणूस! पुढे मला कळलं, अण्णा कागद सही केल्यानंतर वाचतात, आणि मग मात्र फार बारकाईनं वाचतात.

पैशांचे चार टप्पे ठरले. सुरुवातीला वीस टक्के, स्क्रीनचे आराखडे मंजूर झाले की तीस, चाचणीसाठी सुपूर्द केलं की तीस, आणि शेवटच्या मंजुरीनंतर उरलेले वीस. काम पाच महिन्यांचं.

उक्त्या कामाचं बिल दिसायला मोठं देखणं असतं. आमचं दुसरं बिल अजून फाइलमध्ये आहे. त्यात ओळ एकच. ‘टप्पा २ : स्क्रीनच्या आराखड्यांना मंजुरी. सेवा कोड ९९८३१४. रक्कम १,८०,०००.’ खाली केंद्राचा जीएसटी नऊ टक्के १६,२००, राज्याचा तेवढाच, आणि एकूण २,१२,४००. सोबत एक कागद जोडलेला, ज्यावर अण्णांची ‘आराखडे पाहिले, मान्य’ अशी सही. बस्स. किती माणसं बसली, किती रात्री जागली, कोणत्या पोरानं तीन दिवस चुकीच्या दिशेला खणलं, यातलं काहीही त्या बिलात नाही. लग्नाच्या फोटोत जसे सगळे हसत असतात, तसं ते बिल. मुलीचा मामा कुणावर रुसला होता हे त्यात दिसत नाही.

त्या बिलाचे हातात आले १,९४,४००, कारण अण्णांच्या सीएनं मूळ रकमेवर दहा टक्के टीडीएस कापला. मूळ रकमेवर, जीएसटीवर नाही, एवढी कृपा. ते अठरा हजार आपल्याच नावावर सरकारजमा असतात आणि विवरणपत्र भरताना हिशेबात येतात. पण पोरांचे पगार विवरणपत्राची वाट बघत नाहीत.

एक ओळीच्या बिलात भांडायला जागा नसते असं मला तेव्हा वाटायचं. जागा असते. ती बिलाच्या बाहेर, एका शब्दात असते. तो शब्द म्हणजे ‘पूर्ण’.

आमच्या चौदा पानांत सहाव्या पानावर एक वाक्य होतं : ‘हॉलचे बुकिंग तारखेनुसार करता येईल.’ वाक्य मीच लिहिलं होतं. त्यात काही उणं आहे असं मला आजही चटकन वाटत नाही. काम दाखवायला गेलो तेव्हा अण्णांनी मार्गशीर्षातली एक तारीख उघडली, बुकिंग टाकलं, आणि त्याच तारखेला आणखी एक बुकिंग टाकायला गेले. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, ‘ही तारीख आरक्षित आहे.’

“हे काय?” अण्णा.

“हेच तर तुम्हाला हवं होतं,” मी. “एका तारखेला दोन पार्ट्या यायला नकोत.”

“अहो, सकाळी एकाचं लग्न लागतं, संध्याकाळी दुसऱ्याचं रिसेप्शन असतं. तारीख म्हणजे काय अख्खा दिवस?”

“तसं कागदावर...”

“हे काय कागदावर लिहायचं असतं? उद्या हॉलला दार हवं हेही लिहून घ्याल.”

आता इथं दोघंही प्रामाणिक आहेत, आणि पंचाईत तीच आहे. लबाड माणसाशी भांडता तरी येतं. अण्णांच्या डोक्यात ‘तारीख’ या शब्दात दोन पाळ्या जन्मापासून बसलेल्या होत्या आणि माझ्या डोक्यात चोवीस तास. आमच्या डेटाबेसात एक हॉल, एक तारीख, एक बुकिंग असा नियम पायातच घातलेला. तो हलवायचा म्हणजे दिनदर्शिका, दरपत्रक, पावत्या, खोल्यांचं वाटप, मधल्या साफसफाईची वेळ, सगळं हलणार. सत्तर तास गेले. हजेरीचं काम असतं तर बिलात सत्तर तासांची ओळ आली असती आणि अण्णांनी कपाळाला हात लावला असता. उक्तं असल्यामुळे कपाळही माझं आणि हातही माझा.

यावर उपाय आहे आणि तो या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. मूळ कागदाबाहेरचं काही निघालं की बदलाची वेगळी मागणी लिहायची, तिचे वेगळे पैसे सांगायचे, सही घ्यायची आणि मगच हात लावायचा. पण हे करायला पहिल्यांदा समोरच्याच्या तोंडावर ‘हे आपलं ठरलं नव्हतं’ असं म्हणावं लागतं. माझी मुंज अण्णांच्या वडिलांच्या काळात त्याच कार्यालयात झाली. अण्णांना ते आठवतं. ते म्हणतात, “तुझ्या भिक्षावळीत मीच पहिला लाडू टाकला होता.” आता ज्यानं आपल्या झोळीत लाडू टाकला, त्याच्याकडे बदलाची मागणी कोणत्या तोंडानं करायची?

पुढे मुहूर्त नसलेल्या दिवसांचा वेगळा दर आला. मग ‘वरपक्षाला पाच खोल्या आणि वधूपक्षाला तीन, पण हे छापून येता कामा नये’ हे आलं. दर वेळी सुरुवात एकच, “सॉफ्टवेअर उत्तम झालंय, फक्त...” या ‘फक्त’वर आमच्या धंद्यातली निम्मी नुकसानी उभी आहे.

तिसऱ्या टप्प्याला मी जी चूक केली ती निव्वळ बिलाच्या तारखेची होती, आणि ती सांगितलीच पाहिजे. करारात मी लिहिलं होतं, ‘चाचणीसाठी सुपूर्द केल्यावर.’ आम्ही सुपूर्द केलं, आणि त्याच दिवशी मोठ्या उत्साहानं १,८०,००० रुपयांचं कर-बिल फाडलं. तीन महिन्यांहून लांब चालणाऱ्या आणि टप्प्याटप्प्यानं पैसे देण्याच्या कामात हप्ता एखाद्या घटनेला बांधलेला असेल, तर ती घटना घडेपर्यंत बिल निघायलाच हवं, असं जीएसटीचा कायदाच सांगतो. आणि बिल निघालं की कर देय झाला. पैसे आले की नाही हे सरकार विचारत नाही. इकडे अण्णांची लग्नसराई सुरू झाली होती. त्यांनी दोन महिने चाचणी केली नाही, म्हणून पैसेही दिले नाहीत, आणि पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला ३२,४०० रुपयांचा जीएसटी आम्ही आमच्या खिशातून भरला. अण्णांनी न वापरलेल्या सॉफ्टवेअरचा, न आलेल्या पैशांवरचा. देशकार्य म्हणतात ते हेच असावं.

आमचे सीए म्हणाले, “घटना अशी निवडायची की ती घडली हे समोरच्याच्या सहीनं सिद्ध होईल. सुपूर्द करणं तुमच्या हातात आहे, मंजुरी त्यांच्या. हप्ता मंजुरीला बांधा. आणि प्रोफॉर्मा आधी पाठवून बघा, म्हणजे त्यांचं तोंड कुठं वाकडं होतं ते कळेल.” प्रोफॉर्मा म्हणजे बिलासारखं दिसणारं पण बिल नसलेलं कागदी बाहुलं. त्यावर कर लागत नाही आणि त्यावर समोरच्याला इनपुट टॅक्स क्रेडिटही घेता येत नाही. मनाची तयारी करायला मात्र ते बरं पडतं.

“पण मंजुरीला बांधलं,” मी विचारलं, “आणि ते मंजुरीच देत नाहीत, तर?”

“तर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर मंजूर समजावं, हे वाक्य घालायचं. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यातही असंच आहे. १५ दिवसांत लेखी हरकत नाही, तर दिल्या दिवसापासून स्वीकारलं असं धरतात. आणि मग पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ.”

आमची उद्यम नोंदणी आहे. मी हा कायदा अण्णांना अत्यंत नम्रपणे, चहा पिताना, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट असावी तसा सांगितला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. “४५ दिवस म्हणजे आषाढ,” ते म्हणाले. “पुढे चातुर्मास. चातुर्मासात माझ्याकडे कोण येतं? कायद्यानं पंचांग बघितलेलं दिसत नाही.”

काम संपलं तेव्हा आमच्या आतल्या नोंदीत ८१२ तास भरले होते. सहा लाखांना सहाशे तास धरले होते तेव्हा तासाला हजार रुपये पडत होते. ८१२ तासांना ७३९ पडले. हे आम्हाला कळलं तरी, कारण उक्तं काम असूनही पोरांकडून तासांची नोंद ठेवून घेतली होती. बरेच जण ठेवत नाहीत. “बिलात तास लागतच नाहीत, मग कशाला?” असं म्हणतात, आणि वर्षाअखेरीला सगळी कामं फायद्यात असून बँकेत पैसे का नाहीत याचा शोध घेत बसतात. आता मी एक साधी गोष्ट बघतो. तासांची वही भरतेय आणि बिलांची फाइल दोन महिने तशीच आहे, असं दिसलं की ते उक्तं काम आजारी आहे. ताप मोजायला वेगळं यंत्र लागत नाही.

चौथ्या बिलाचे पैसे अण्णांनी दिले. दसऱ्याला दिले, पेढ्यांसकट दिले, आणि देताना म्हणाले, “आता कोठीघराचं करू.”

कोठीघर म्हणजे भटारखान्याचं सामान. किती तूप आलं, किती गेलं, किती बुंदीत मुरलं आणि किती आचाऱ्याच्या घरी. “यात काय काय हवं?” असं विचारल्यावर अण्णा म्हणाले, “ते करता करता कळेल.” मी मनातल्या मनात हात जोडले. ज्या कामाचा शेवट कसा दिसतो हे कुणालाच सांगता येत नाही, त्याला ‘पूर्ण’ कधी म्हणणार? आणि ‘पूर्ण’ कधी हे माहीत नसताना उक्ता आकडा देणं म्हणजे किती माणसं जेवणार ते न विचारता पंगतीचं कंत्राट घेणं. हे वाक्य मी अण्णांना जसंच्या तसं ऐकवलं. ते चमकले. धंद्याच्या भाषेत बोललं की माणसाला लागतं.

“बरं, हजेरीवर,” ते म्हणाले. “पण तपशील पाहिजे.”

पहिल्या महिन्याचं बिल गेलं. आता या बिलाचा थाट बघा. वर कालावधी, म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. खाली तीन ओळी. अनुभवी माणूस ३८ तास, १,२०० प्रमाणे ४५,६००. नवी पोरं साडेशहाण्णव तास, ८०० प्रमाणे ७७,२००. तपासणी २२ तास, ६०० प्रमाणे १३,२००. बेरीज १,३६,०००, जीएसटी २४,४८०, एकूण १,६०,४८०. कर तोच, सेवेचा कोड तोच. फरक इतकाच की त्या एका ओळीच्या बिलाला एक सही जोडलेली होती, आणि या बिलाला तीन पानांची रोजनिशी. कुणी, कोणत्या दिवशी, किती वेळ, काय केलं. उक्त्याचं बिल म्हणतं, ‘झालं, पैसे द्या.’ हजेरीचं बिल म्हणतं, ‘झालं की नाही ते विचारू नका, पण आम्ही आलो होतो.’

अण्णांनी ती तीन पानं तांबड्या पेनानं वाचली. मला बोलावणं आलं. मी शाळेत प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला बाबांसमोर उभा राहायचो तसा उभा राहिलो.

“१४ तारीख. ‘चर्चा, दीड तास.’ हे तीनदा लिहिलंय.”

“तिघं होते चर्चेला.”

“म्हणजे साडेचार तास? मी फोनवर वीस मिनिटं होतो.”

“तुम्ही वीस मिनिटं बोललात. तुम्ही काय म्हणालात हे समजायला आम्हाला पुढे तास लागला.”

यावर ते हसले, म्हणून ती ओळ वाचली. पुढची वाचली नाही. “‘अभ्यास, तीन तास.’ हा पोरगा माझ्या पैशांवर शिकतोय का?” शिकत होता. तूप किलोत येतं आणि डब्यात मोजतात, त्याचं रूपांतर कसं करायचं ते तो शोधत होता. ते शोधणं अण्णांच्याच कामासाठी होतं, पण ‘अभ्यास’ या शब्दानं घात केला. त्यानं ‘तुपाच्या मापांची जुळणी’ असं लिहिलं असतं तर अण्णांनी कौतुक केलं असतं. हजेरीच्या बिलात मराठीचे मार्क असतात, हे पोरांना कुणी सांगत नाही. ‘किरकोळ’, ‘इतर’, ‘सुधारणा’, ‘अभ्यास’ हे चार शब्द आले की पैसे अडकलेच म्हणून समजा.

मग खरी गाठ आली. “‘दुरुस्ती, साडेसहा तास.’ कसली दुरुस्ती?”

“बेरीज चुकत होती.”

“कुणाची चूक?”

“आमचीच.”

“तुमची चूक, ती दुरुस्त तुम्ही करणार, आणि पैसे मी देणार?” अण्णांनी पेन खाली ठेवलं. “आचाऱ्यानं भाजी करपवली तर तो दुसरी करतो. मी गिऱ्हाइकाला दोन भाज्यांचं बिल लावतो का?”

या प्रश्नाला आमच्या धंद्यात ठरलेलं उत्तर नाही. हजेरीच्या तत्त्वानं बघितलं तर चूक करणं आणि निस्तरणं हाही कामाचाच वेळ, कारण चूक न करता प्रोग्रॅम लिहिणारा माणूस अजून जन्मायचा आहे आणि जन्मला तरी आठशे रुपयांत येणार नाही. पण हे तत्त्व भाजी करपलेल्या माणसाला पटत नाही, आणि मलाही गिऱ्हाईक म्हणून पटलं नसतं. शेवटी तोड निघाली. महिनाभरात चालू कामात निघालेल्या चुका हजेरीत धरायच्या. पण एकदा अण्णांनी पाहून ‘चालेल’ म्हटलेल्या भागात चूक निघाली, तर ती आमच्या खर्चानं. ही साडेसहा तासांची चूक दुसऱ्या प्रकारातली होती. म्हणजे ५,२००, आणि अभ्यासाचे २,४००, असे ७,६०० वजा करायचे ठरले.

मी आनंदानं म्हणालो, “नवं बिल पाठवतो.” सीए म्हणाले, “अजिबात नाही.” फाडून टाकता येतं ते कोटेशन. कर-बिलाला अनुक्रमांक असतो, ते विवरणात गेलेलं असतं, आणि समोरच्यानं त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिटही घेतलेलं असू शकतं. कमी करायचं तर क्रेडिट नोट काढावी लागते, तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक घालून. ७,६०० आणि त्यावरचा जीएसटी १,३६८, मिळून ८,९६८ रुपयांची क्रेडिट नोट निघाली. साडेनऊ तासांच्या भांडणासाठी आमचे चार तास गेले, ते कुणाच्याच बिलात आले नाहीत.

तेव्हापासून आम्ही क्रम उलटा केला. महिना संपला की दोन दिवसांत रोजनिशी जाते, नुसती रोजनिशी, बिल नाही. अण्णा तांबडं पेन चालवतात, जे काटायचं ते काटतात, खाली सही करतात, आणि त्या सहीनंतर बिल फाटतं. बिल तेच, पण आता त्याच्यावर कुणी भांडत नाही, कारण भांडण आधीच होऊन गेलेलं असतं.

हजेरीला एक व्यंग आहे, ते लपवून चालणार नाही. आमच्याकडे एक हुशार पोरगी आहे. पुरवठादारांची जुनी यादी हातानं भरायला दहा तास लागले असते, तिनं छोटा प्रोग्रॅम लिहून ती दोन तासांत भरली. मी तिचं कौतुक केलं आणि रात्री झोपताना लक्षात आलं की तिनं आमचं ६,४०० रुपयांचं नुकसान केलं. उक्त्या कामात हाच प्रोग्रॅम आमचा नफा झाला असता. एकाच हुशारीची किंमत बिलाच्या प्रकारावर ठरते. उलट, दर महिन्याला बरोबर १६० तास लिहिणारा माणूस आला की गिऱ्हाइकानं कान टवकारावेत. माणूस कधी दवाखान्यात जातो, कधी वीज जाते, कधी गणपती येतात. बरोबर १६० तास फक्त कॅलेंडर काम करतं.

अण्णांना ही भीती होतीच. तिसऱ्या महिन्यात ते म्हणाले, “हजेरी ठीक आहे, पण एक कमाल ठेवा. महिन्याला इतके तास, वर नाही.” मी कबूल झालो. ठरलेल्या तासांतले ऐंशी टक्के संपले की आम्ही कळवायचं, पुढे जायचं की थांबायचं ते त्यांनी सांगायचं. मग मी म्हणालो, “कमाल आहे तर किमानही ठेवा. मी पोरं तुमच्यासाठी राखून ठेवायची आणि तुम्ही महिनाभर फोन करायचा नाही, असं नको.”

“किमान कशाला?”

“तुम्ही नाही का ठेवत? तीनशे ताटांची गॅरंटी घेता. अडीचशे जेवले तरी पैसे तीनशेचे.”

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की भिक्षावळीतला लाडू परत मागतात की काय. मग म्हणाले, “चाळीस तास किमान. पण दिवाळीचा महिना सोडून.”

आता कुणी मला विचारलं की उक्तं घेऊ की हजेरीवर, तर मी व्याप्तीचा कागद बघत नाही. आधी विचारतो, “काम झालं हे तुम्ही कशावरून म्हणाल?” एका दमात, ‘वगैरे’ न वापरता सांगितलं तर उक्तं. आम्ही तसंच काम आधी दोनदा केलेलं असेल तर भीतीही थोडीच लावतो. बोलताना मधेच “ते करता करता कळेल” आलं तर हजेरी. आणि बहुतेक कामात दोन्ही निघतं, मग जेवढं कळलंय तेवढं उक्तं, उरलेलं तासावर, आणि बिलात दोन्ही वेगळ्या ओळींत. या मिश्र बिलाला आमच्या धंद्यात फार आधुनिक समजतात.

गेल्या माघात माझ्या भाचीचं लग्न अण्णांच्याच कार्यालयात झालं. घरातला कर्ता म्हणून हिशेब माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी अण्णांनी बिल दिलं. हॉलचं भाडं, एक ओळ, उक्तं. खोल्या, उक्त्या. मग वीज, मीटरप्रमाणे, सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन लिहून. जनरेटर, अडीच तास. ताटं, गॅरंटी साडेतीनशे. आणि शेवटी, ‘जादा ताटं ११.’

मी बिल खाली ठेवलं. इतक्या वर्षांनी माझ्या हातात तांबडं पेन आलं होतं.

“अण्णा, साडेतीनशेच्या वर कुणी जेवलंच नाही. मी स्वतः पंगतीत फिरत होतो. ही अकरा ताटं कुठली?”

अण्णांनी ड्रॉवर उघडला. सॉफ्टवेअर आमचं असलं तरी ताटं अजून वहीतच मोजतात, ते त्यांनी आम्हाला कधी करूच दिलं नाही. वहीत दर पंगतीचा आकडा होता. पहिली ९६, दुसरी १०४, तिसरी ९८, चौथी ५१, आणि पाचवी, बँडवाले व व्हिडिओवाले, १२. बेरीज ३६१. प्रत्येक आकड्यापुढे वेळ, आणि वेळेपुढे सही.

सही माझ्या मेहुण्यांची होती. पाचही ठिकाणी.

“त्यांना मी पंगत उठायच्या आत बोलावतो,” अण्णा म्हणाले. “बिल करायच्या आधी.”

मी अकरा ताटांचे पैसे मोजले. अण्णांनी ते नीट घेतले, पावती केली, आणि मी उठतो आहे असं पाहून म्हणाले, “तुझी गेल्या महिन्याची रोजनिशी आली नाही अजून.”